मदत हवी आहे: नेटवर्क नसताना चांगले फर्मवेअरही मागे फिरते

खानापूर तालुक्यातील शेतपंपांवर आम्ही बसवलेल्या ईएसपी३२ नियंत्रकांचे फर्मवेअर सिमकार्डाच्या जोडणीवरून अद्ययावत होते. अर्धवट डाउनलोडची अडचण सुटली आहे: दर ६४ केबीनंतर ऑफसेट जपून तेथूनच पुढे मागणी करतो, आणि टेबलावर मोडेमचा अँटेना काढून तीन ठिकाणी तोडून पाहिले तरी शेवटी हॅश जुळला.

अडते ते पुढे. रोलबॅक चालू असून, नवी प्रतिमा सुरू झाल्यावर सर्व्हरशी संपर्क झाला तरच आम्ही `esp_ota_mark_app_valid_cancel_rollback()` बोलावतो. मात्र रेंज येण्याआधी वीज गेली (आणि थ्री-फेजच्या पाळीत ती जातेच), तर पुढच्या बूटला बूटलोडर निर्दोष प्रतिमाही बाद ठरवून जुनी चालवतो, आणि संपूर्ण डाउनलोड पुन्हा सुरू होते. बूट होताच शिक्कामोर्तब करून पाहिले, तेव्हा मोडेमचा ड्रायव्हर मुद्दाम बिघडवलेली प्रतिमा कायमची टिकली. नियंत्रकाला बॅटरी नाही आणि बूटलोडर शेतावर बदलता येत नाही.

मोडेमने एटी आदेशाला उत्तर देऊन सिम वाचले, एवढ्यावर प्रतिमा वैध मानणे पुरेसे आहे का, आणि नसल्यास ‘रेंज नाही’ व ‘फर्मवेअर बिघडले’ यांतला फरक आपण चाचणीत कोणत्या खुणेवरून ठरवता?