शब्दचर्चा: सीटी रिपोर्टमधलं ‘ग्राउंड ग्लास’, ‘मोझॅक’ आणि ‘हनीकोंबिंग’

वाळव्याची_सून
चुलतसासऱ्यांचा छातीचा एचआरसीटी झाला. वय ६४, वर्षभर कोरडा खोकला, जिना चढला की धाप. घरातल्यांना समजावं म्हणून रिपोर्ट मराठीत उतरवायला घेतला आणि अडकले. त्यातलं वाक्य असं आहे: ‘दोन्ही फुफ्फुसांत सबप्ल्युरल रेटिक्युलेशन, ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टेसिस, पॅची ग्राउंड ग्लास, मोझॅक अटेन्युएशन. डेफिनिट हनीकोंबिंग नाही. फायब्रॉटिक एचपी की प्रोबेबल यूआयपी, क्लिनिकल कोरिलेशन करावे.’ ग्राउंड ग्लासला ‘काचेचा भुगा’ लिहिलं, तर सासूबाई घाबरल्या. छातीत काच कुठून आली म्हणे!

तासगावचा_बेदाणा
माझ्या बहिणीच्या रिपोर्टमध्येही ग्राउंड ग्लास होतं, कोविडच्या वेळी. महिन्याभरात सगळं साफ झालं. काकांना सांगा, काळजी करू नका.

मिरजकर
काचेचा भुगा खोडा. इथे ‘ग्राउंड’ म्हणजे घासलेली. बाथरूमच्या खिडकीला असते ती दुधी काच. पलीकडचं पुसट होतं, पण पुरतं झाकलं जात नाही. सीटीतही तेच पाहतो: भाग धूसर पांढरा झालाय, पण त्यातली रक्तवाहिनी अजून दिसते. रक्तवाहिनीही दिसेनाशी झाली, तर त्याला कन्सॉलिडेशन म्हणतात, ती गोष्ट वेगळी. म्हणून ‘दुधी काचेसारखा पुसटपणा’ लिहा.

बेदाणा, बहिणीचं छान झालं, पण तोच शब्द दोन्हीकडे आहे म्हणून आजारही तोच ठरत नाही. कोविडमधला पुसटपणा ताज्या सुजेचा होता. इथे शेजारी रेटिक्युलेशन, म्हणजे जाळीसारख्या रेघा, आणि ओढलेल्या श्वासनलिका आहेत, म्हणजे व्रण पडलाय. व्रणाच्या आतच पुसटपणा असेल, तर तो बारीक व्रणही असू शकतो आणि त्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही. व्रणापासून दूर, स्वतंत्र असेल तर सूज असण्याची शक्यता जास्त.

कऱ्हाडची_ग्रंथपाल
हनीकोंबिंगला आमच्याकडे ‘मोहोळ’ चांगलं बसेल. आणि मी वाचलंय की मोहोळ दिसलं म्हणजे आयपीएफ. मग इथे ते नाही, म्हणजे आयपीएफ नाही. बरोबर ना?

मिरजकर
अर्धं बरोबर. मोहोळ दिसलं आणि ते खालच्या भागात, कडेला असलं, तर त्या नमुन्याला यूआयपी म्हणतात. पण यूआयपी हे चित्राचं नाव आहे, आजाराचं नव्हे. संधिवातात हाच नमुना दिसतो, जुन्या एचपीत, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या धुळी-पिसांच्या अ‍ॅलर्जीनं फुफ्फुस सुजतं त्या आजारातही दिसतो. कुठलंच कारण सापडलं नाही, तरच त्याला आयपीएफ म्हणायचं. उलट बाजूही धरा: मोहोळ नसताना ओढलेल्या नलिका आणि जाळी खाली-कडेला असेल, तर प्रोबेबल यूआयपी. त्यातूनही आयपीएफ निघू शकतो.

मोहोळ ओळखण्यात आम्हा सीटी वाचणाऱ्यांचीही आपसात भांडणं होतात. छोट्या पोकळ्या, बहुधा ३ ते १० मिलिमीटरच्या, प्ल्युराला म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाला चिकटून, दोघींत एकच भिंत, एकीवर एक रचलेल्या. ओढलेली श्वासनलिका आडवी कापली गेली की तीही अशीच गोल दिसते. म्हणून एका चित्रावर थांबायचं नाही. तोच गोल पुढच्या-मागच्या कापांत बघत जायचा. तो लांब होत, फांद्या एकत्र करत आत मोठ्या नलिकेला जाऊन मिळाला, तर नलिका. कुठेच जोडला नाही आणि शेजाऱ्याशी भिंत वाटून घेत राहिला, तर मोहोळ. विडी ओढणाऱ्यांत वरच्या भागात कडेला पातळ भिंतीच्या पोकळ्यांची एकच रांग असते. तिलाही कुणी कुणी मोहोळ म्हणून मोकळे होतात.

वाळव्याची_सून
मग ‘मोझॅक’? मी ‘फरशीसारखं’ लिहिलंय.

मिरजकर
या रिपोर्टमधला सगळ्यात कामाचा शब्द तोच आहे. फुफ्फुसाचे काही भाग काळे, काही पांढरे, मध्ये रेघ ओढल्यासारखी. प्रश्न असा की आजारी कोण, काळे की पांढरे? काळ्या भागातल्या रक्तवाहिन्या पांढऱ्या भागातल्यांपेक्षा बारीक असतील, तर खोट काळ्यात आहे. मग पुढचा प्रश्न, ती खोट बारीक श्वासनलिकांची की रक्तपुरवठ्याची? तिथे श्वास सोडून घेतलेली चित्रं लागतात. श्वास सोडला की निरोगी फुफ्फुस आक्रसतं आणि पांढरं होतं. काळा भाग काळाच राहिला, तर हवा आत अडकलीय. तोही बाकीच्यांबरोबर पांढरा झाला, तर रक्तवाहिन्यांकडे, म्हणजे फुफ्फुसातल्या जुन्या गुठळ्यांकडे बघायचं.

तुमच्या काकांचं स्कॅन श्वास सोडूनही घेतलं होतं का?

वाळव्याची_सून
विचारलं. म्हणाले, ‘आधी श्वास घेऊन थांबायला लावलं, मग सोडून थांबायला लावलं, मग पालथं झोपवलं. जीव नकोसा झाला.’

मिरजकर
म्हणजे नीट केलंय. पालथं का, तर उताणं झोपल्यावर पाठीकडचा भाग दबून नुसताच पांढरट दिसतो. पालथं झाल्यावर तो गेला तर आजार नव्हता, राहिला तर आहे. श्वास सोडलेल्या चित्रांत अजून एक बघायचं: मुख्य श्वासनलिकेची मागची भिंत आत झुकलीय का. नसेल, तर माणसानं श्वास सोडलाच नाही आणि हवा अडकल्याची शंका खोटी ठरू शकते. एखाद-दुसरी जागा काळी राहणं निरोगी माणसातही चालतं. बऱ्याच भागांत राहिली तर अर्थ.

दुधी पुसटपणा, निरोगी भाग आणि अडकलेल्या हवेचा काळा भाग, असे तीन रंग शेजारी शेजारी आले आणि वर व्रणही असला, तर पारडं फायब्रॉटिक एचपीकडे झुकतं. त्यातून आजार तळाला कमी आणि वर-मध्ये जास्त असेल तर आणखी. मग माणसाला विचारायचं, श्वासातून काय जातंय? काका काय करायचे?

वाळव्याची_सून
साखर कारखान्यात बगॅस यार्डला होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आता माळ्यावर पारव्यांनी घर केलंय. काका त्यांना दाणे टाकतात.

कऱ्हाडची_ग्रंथपाल
चिपाडाचा रोग! बगॅसोसिस, नावच आहे त्याला. सापडलं कारण.

मिरजकर
इतकी घाई नको. बगॅसोसिस खरा आहे, पण तो साठवलेल्या, ओल्या, बुरशी धरलेल्या चिपाडाचा. गळीत हंगामातल्या ताज्या चिपाडाचा नाही. शिवाय ते बंद होऊन सहा वर्षं झाली आणि धाप वर्षभराची. जुना व्रण आपोआप वाढत राहू शकतो हे खरं. पण पारवे आजही घरात आहेत आणि त्यांची विष्ठा-पिसं हे एचपीचं नेहमीचं कारण. भारतातल्या २०१७ सालच्या आयएलडी, म्हणजे फुफ्फुसाच्या अशा आजारांच्या नोंदवहीत एचपीच सगळ्यात जास्त निघाला होता, आणि तिथे एअर कूलरचाही मोठा वाटा होता. तोही विचारून घ्या.

रक्तात पारव्यांविरुद्ध अँटिबॉडी सापडली, तरी तिनं संपर्क कळतो, आजार नाही. एचपी आणि आयपीएफ वेगळे काढायचे ते औषधासाठी. आयपीएफमध्ये प्रेडनिसोन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन एकत्र देऊन मृत्यू वाढले, हे २०१२ सालच्या चाचणीत दिसलं. एचपीत मात्र आधी कारण हटवतात आणि सूज असेल तर स्टेरॉईड देतात.

तासगावचा_बेदाणा
मग पारवे हाकलले की झालं? सुईनं तुकडा काढायचा नाही?

मिरजकर
हाकलून काही महिन्यांत काय होतं ते बघतात, पण व्रण जात नाही. तुकड्याबद्दल छातीचे डॉक्टर, संधिवाताचे डॉक्टर आणि चित्र वाचणारा एकत्र बसून ठरवतात. त्याआधी बऱ्याचदा दुर्बिणीतून फुफ्फुस धुऊन लिम्फोसाईट मोजतात. जास्त निघाल्या तर एचपीला जोर, कमी निघाल्या तर एचपी नाहीच असं मात्र नाही. आणि माळा झाडायचं काम काकांनी करू नये. झाडताना उडणारी धूळच घातक.

वाळव्याची_सून
आता असं लिहिते: ‘कडेला जाळी, ओढून रुंद झालेल्या नलिका, ठिकठिकाणी दुधी पुसटपणा, हवा अडकल्यासारखे काळे-पांढरे पट्टे. मोहोळ नक्की म्हणता येत नाही.’

मिरजकर
‘हवा अडकल्यासारखे’ काढा. रिपोर्टमध्ये श्वास सोडलेल्या चित्रांबद्दल एक शब्द नाही. ती चित्रं घेतलीत, तर वाचून लिहून द्या, असं सेंटरला सांगा. तोवर ‘मोझॅक’च ठेवा.

कऱ्हाडची_ग्रंथपाल
‘पट्टे’ही नको, चट्टे म्हणा. पट्टे म्हटलं की लांबट वाटतं.