क्वेस्ट ३ मध्ये चष्मा घालूनच बसायचं, की लेन्स इन्सर्ट घ्यायचे?

तळमजला: माझ्याकडे मेटाचा क्वेस्ट ३ हा व्हीआर हेडसेट आहे. उजवा डोळा −५.२५, सिलिंडर −१.७५, अॅक्सिस १७०. डावा −४.७५, सिलिंडर नाही. वय ३१. चष्म्याची फ्रेम १४६ मिमी रुंद, काड्या जाड. अर्ध्या तासात कानशिलं ठणकायला लागतात आणि कडेचं दृश्य कापल्यासारखं वाटतं. हेडसेट भाऊही वापरतो, त्याला चष्मा नाही. हेडसेटच्या आत लावायचे नंबरचे लेन्स इन्सर्ट घ्यावेत की अरुंद फ्रेमचा दुसरा चष्मा करावा? दोन्ही बाजूंनी बोला.

काचघर: इन्सर्ट, विचार करायचं कारणच नाही. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच गोष्टीतून येतात. चष्मा आत मावावा म्हणून तोंडावरची गादी पुढे सरकवावी लागते. क्वेस्ट ३ मध्ये गादीच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे बटणं आहेत, ती एकदम दाबून गादी चार टप्प्यांत पुढेमागे होते. चष्मेवाले सहसा शेवटच्या टप्प्यावर जातात, म्हणजे डोळा हेडसेटच्या लेन्सपासून लांब जातो. खिडकीपासून मागे सरकलं की बाहेरचं कमी दिसतं, तसंच हे. इन्सर्ट हेडसेटच्या लेन्सवरच बसतात, त्यामुळे गादी मागे घेता येते आणि कडेचं दृश्य परत मिळतं. काड्याच नसल्या की कानशिलांचा प्रश्न उरत नाही.

आणखी एक. हेडसेटच्या लेन्स प्लास्टिकच्या असतात. चष्म्याची काच एकदा घासली की मधोमध चरा पडतो, तो निघत नाही, आणि ती लेन्स घरी बदलताही येत नाही.

दोनकाड्या: एवढी घाई नको. १४६ मिमीची जाड काडीवाली फ्रेम हाच मूळ दोष आहे. क्वेस्ट २ च्या वेळी मेटाने चष्मा १४२ मिमी रुंद आणि ५० मिमी उंच इथपर्यंत असावा असं सांगितलं होतं. क्वेस्ट ३ लाही तोच अंदाज धरा. १३२ ते १३५ मिमीची, पातळ धातूच्या काड्यांची, ४० मिमीपेक्षा कमी उंचीची फ्रेम घ्या. गादी आणि कानशील यांच्यात एक मिलीमीटरची तार असणं आणि चार मिलीमीटरची जाड पट्टी असणं यात खूप फरक पडतो. शिवाय जाड काडीमुळे गादी उचलली जाते आणि तिथून उजेड आत येतो.

भाऊ वापरतो हे काचघर विसरले. प्रत्येक वेळी इन्सर्ट काढा, डबीत ठेवा, परत लावा. काढताना आतल्या बाजूला बोट लागतं, मग पुसा. नंबर बदलला की नवे करा. चष्मा मात्र हेडसेट बदलला तरी तोच चालतो.

रात्रपाळी: मुळात मायनसवाल्याला व्हीआरमध्ये चष्मा लागतोच कशाला? स्क्रीन डोळ्यांपासून पाच-सहा सेंटिमीटरवर असते. मायनस नंबरवाल्याला जवळचं स्पष्ट दिसतं. चष्मा काढून बघा.

काचघर: रात्रपाळी, स्क्रीन जवळ आहे हे बरोबर. पण डोळा स्क्रीनकडे थेट बघत नाही, मधल्या लेन्समधून बघतो, आणि ती लेन्स चित्राला एक ते दोन मीटर लांब नेऊन ठेवते. म्हणून लांबचाच नंबर लागतो. तुमचं म्हणणं −०.५ किंवा −०.७५ वाल्याला लागू पडेल, कारण त्यांना तेवढ्या अंतराचं बिनचष्म्याचं स्पष्ट दिसतं. −५.२५ वाल्याला अठरा-एकोणीस सेंटिमीटरच्या पुढचं सगळं धूसर, मग चित्र एक मीटरवर असो की दोन.

यातून ऑर्डर देताना होणारी एक चूकही टळेल. काही जण दुकानात ‘कॉम्प्युटरचा नंबर द्या’ म्हणतात आणि मग चित्र मऊ दिसतं. लांबचा नंबर जसाच्या तसा द्या.

दोनकाड्या: जसाच्या तसा कसा? इन्सर्ट डोळ्यापासून चष्म्यापेक्षा लांब बसतो. मायनस काच लांब गेली की तिची ताकद कमी पडते, हे काचघरांना माहीत असेलच. मग नंबर वाढवून द्यायला नको का?

काचघर: मुद्दा खरा आहे, म्हणून हिशेब करू. चष्मा डोळ्यापासून १२ मिमीवर आणि इन्सर्ट १८ मिमीवर धरा, म्हणजे फरक ६ मिमीचा, ०.००६ मीटर.

```
५.२५ ÷ (१ − ०.००६ × ५.२५) = ५.४२
```

म्हणजे −५.२५ ऐवजी −५.४२ हवा. ०.१७ कमी पडले. पण चित्र अनंत अंतरावर नाही, एक-दोन मीटरवर आहे, त्यामुळे अर्धा ते एक नंबर आधीच कमी लागतो. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात. म्हणून तळमजला यांनी काहीही वाढवू नये. −८ ला हाच फरक ०.४ होतो, तरी तोही बहुतेक त्यातच जिरतो. −१० च्या पुढे मात्र नंबर काढणाऱ्याशी बोलून घ्यावं.

बे एरियातली: आमच्याकडे अॅपलचा व्हिजन प्रो आहे, त्यात चष्मा घालताच येत नाही. झाइसचे इन्सर्ट घ्यावेच लागतात, चुंबकाने बसतात, आणि त्यांच्यासोबतचा कोड हेडसेटला दाखवावा लागतो, कारण तो डोळे कुठे बघतात ते टिपतो. तुम्हीही झाइसच घ्या.

तळमजला: ताई, ते क्वेस्टला बसत नाहीत ना?

बे एरियातली: हो, ते फक्त व्हिजन प्रोचेच. प्रश्न नीट वाचला नव्हता. पण चुंबकाचे इन्सर्ट रोज काढण्या-लावण्यात त्रास नाही, एवढं सांगायचं होतं. क्वेस्टसाठी झेनीचे बघा, मेटाने त्यांच्याशी जुळवून केलेले आहेत.

दोनकाड्या: त्रास एकदा नाही, दर वेळी होतो. इन्सर्टचं दुसरं दुखणं प्रतिबिंबांचं आहे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की शेजारी पुसट सावली दिसते. परावर्तन कमी करणारा थर नसलेला स्वस्त इन्सर्ट असेल तर ती जास्तच. शिवाय इन्सर्ट आणि हेडसेटची लेन्स यांच्या फटीत धूळ बसते. एकच कण असतो, पण तो डोळ्याच्या इतक्या जवळ असतो की मोठा धब्बा होऊन दिसतो.

काचघर: थर हवाच, यावर दुमत नाही. निळा प्रकाश अडवणारा थर मात्र नको, पांढऱ्यावर पिवळट छटा येते. आणि पॉलिकार्बोनेट नको. त्यात कडेला रंग फाटतात, अक्षरांच्या एका बाजूला निळी, दुसऱ्या बाजूला तांबूस रेघ दिसते. तुमच्या नंबरला १.६० निर्देशांकाचं साहित्य पुरेसं आहे. मायनस काच मधे पातळच असते आणि इन्सर्टचा व्यास लहान असल्याने कडही फार जाड होत नाही, त्यामुळे १.७४ वर पैसे घालवायची गरज नाही.

दोनकाड्या: पॉलिकार्बोनेट फुटत नाही. खेळताना हेडसेट भिंतीवर आपटतो तेव्हा डोळ्यापुढे काय असावं, याचाही विचार करा. मी रंग फाटणं सोसेन.

निवृत्त_ओव्हरसियर: माझं वय ५४, प्रोग्रेसिव्ह काचा आहेत. घालून पाहिलं तर वर बघितलं की स्पष्ट, खाली हातातली बटणं बघायला गेलो की धूसर. हेडसेट बिघडला आहे का?

काचघर: बिघाड नाही काका. व्हीआरमध्ये हातसुद्धा एक-दोन मीटरवरच्याच चित्राचा भाग आहे. प्रोग्रेसिव्हचा खालचा भाग जवळच्या वाचनासाठी असतो, त्यामुळे तिथून तेच चित्र धूसर दिसतं. फक्त लांबच्या नंबरच्या सिंगल काचा घाला, चष्मा म्हणून किंवा इन्सर्ट म्हणून.

दोनकाड्या: पन्नाशीनंतर डोळा एक मीटरवरही नीट फोकस होत नाही, म्हणून लांबच्या नंबरात +०.५० घालून घेणारेही आहेत. ते अधिक योग्य.

काचघर: काहींना. काहींना त्याने लांबचा डोंगर मऊ दिसतो. चाचणी-काचेने समोर धरून बघितल्याशिवाय मी सरसकट सांगणार नाही.

तळमजला: उजव्या डोळ्याच्या सिलिंडरबद्दल कोणीच बोललं नाही. इन्सर्ट गोल असतात, ते फिरले तर?

काचघर: बरा प्रश्न काढलात. तयार इन्सर्टच्या चौकटीला खाच असते, ती एकाच स्थितीत बसते. पण थ्रीडी प्रिंट केलेल्या रिंगमध्ये दुकानदाराकडून गोल काच घासून बसवली तर ती रिंगमध्ये फिरू शकते. तुमच्या −१.७५ ला काच १० अंश फिरली तर साधारण ०.६ चा दोष परत उरतो, म्हणजे सिलिंडरची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दुरुस्ती गेली. ओळखायची खूण अशी: अक्षराच्या एका दिशेच्या रेघा धारदार आणि दुसऱ्या दिशेच्या पसरट, आणि आयपीडीचं, म्हणजे दोन बाहुल्यांमधल्या अंतराचं चाक कितीही फिरवलं तरी फरक नाही.

हेडसेटमध्ये बसवण्याआधी घरीच बघा. चष्मा सरळ धरून त्याच्या उजव्या काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड पाहा. अॅक्सिस १७० असल्याने काचेतली रेघ बाहेरच्या रेघेशी अगदी समांतर न राहता जराशी कललेली दिसेल. आता उजवा इन्सर्ट, डोळ्याकडची बाजू डोळ्याकडेच ठेवून, सरळ धरा. रेघ त्याच बाजूला, तेवढीच कलली पाहिजे. उलट कलली तर अॅक्सिस चुकला आहे किंवा काच उलटी बसली आहे. शंका असेल तर कोणत्याही चष्मेवाल्याकडे लेन्सोमीटर असतो, इन्सर्ट त्यावर ठेवून पाच मिनिटांत नंबर आणि अॅक्सिस दोन्ही तपासून मिळतात.

दोनकाड्या: चष्म्यात हा प्रश्नच येत नाही, फ्रेममध्ये काच फिरत नाही.

काचघर: फ्रेम वाकडी असेल तर दोन्ही काचा फिरतात. गादीचा दाब आला की एका बाजूची काडी वर जाते, आणि तेच होतं.

तळमजला: भावाचं काय?

काचघर: चुंबकाचे इन्सर्ट घेतलेत तर लेन्सवरची चुंबकी रिंग कायम राहू द्या, फक्त काचा निघतात. भावाने बिनकाचेचं वापरलं तर गादी त्याच्या टप्प्यावर आणि आयपीडीचं चाक त्याच्या आकड्यावर करावं लागेल. चाक फिरवताना आकडा दिसतो, तो दोघांनी आपापला लक्षात ठेवा. इन्सर्ट लेन्ससोबतच सरकतो, त्यामुळे त्याचा मध्य आपोआप जुळलेला राहतो, पण चाक चुकीच्या जागी राहिलं तर तुमच्या नंबरला डोळ्यांवर ताण जास्त येईल.

दोनकाड्या: हेच म्हणतोय. दोघांसाठी रोज तीन गोष्टी बदला. माझा सल्ला तोच: १३४ मिमीची फ्रेम, सिंगल काच, हेडसेटच्याच डबीत ठेवलेली. घालताना आधी पुढची बाजू चष्म्यावर हलकेच टेकवा, मग पट्टा मागे ओढा. काढताना उलट क्रम, म्हणजे पट्टा सैल करून आधी मागून सोडवा आणि मग पुढे ओढा. पट्टा तसाच वर खेचला की काच लेन्सवर घासते.

रात्रपाळी: कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या की दोघांची भांडणं मिटतील.

काचघर: पापण्या कमी लवतात, तासाभरात डोळे कोरडे पडतात. ज्यांना जमतं त्यांना जमतं. तळमजला, आधी ती १४६ ची फ्रेम बाजूला ठेवून घरातल्या एखाद्या जुन्या अरुंद चष्म्याने गादी दुसऱ्या टप्प्यावर घेऊन बघा. नंबर जुना असला तरी चालेल, बसण्याचा अंदाज येईल. त्यात कानशिलं दुखली नाहीत आणि काचा घासल्या नाहीत, तर दोनकाड्यांचं ऐका.

तळमजला: जुना चष्मा १३६ चा आहे. उद्या बघतो.