‘दरम्यान’ म्हणजे नेमकं कधीपासून? परिच्छेदातून कामाचा तक्ता काढताना अडलेले शब्द

रावेरची लेखनिक

आमच्या शेतकरी गटाचं केळीचं पॅकिंग शेड व्हायचंय. आराखडा कुणीतरी परिच्छेदात लिहून दिलाय. त्याचा तक्ता करून बँकेला द्यायचं काम माझ्याकडे आलंय. मजकूर जसाच्या तसा देते:

“आखणी व खोदकाम आठवडाभरात उरकावे. खोदकाम झाल्यावर पायाचे काँक्रीट टाकून बोल्ट बसवावेत, त्यास तीन दिवस लागतील. काँक्रीट दहा दिवस भिजवावे. दरम्यान कैच्या तयार करून घ्याव्यात, त्यास पंधरा दिवस. नंतर कैच्या उभ्या करून आठवड्यात पत्रे टाकावेत. पत्रे पडल्यावर आठवड्याने कोबा सुरू करावा. मृगाआधी पत्रे पडलेच पाहिजेत.”

सुरुवात १ मे धरली आहे. तक्त्याचे मथळे मी असे केले: काम, अवलंबित्व, कालावधी, मैलाचे दगड. कोब्यासमोर कालावधी ७ दिवस लिहिला. पण ‘दरम्यान’पाशी अडले. कैच्यांचे, म्हणजे छपराच्या लोखंडी सांगाड्यांचे, पंधरा दिवस कुठून मोजायचे? आणि हे मथळे मराठीत बरोबर आहेत का?

अमळनेरकर

ताई, मैलाचा दगड नको. आपल्याकडे ‘हा निर्णय मैलाचा दगड ठरला’ असं मोठ्या गोष्टीबद्दल बोलतात. पत्रे टाकण्याला कोण तसं म्हणेल? सरळ ‘टप्पा’ लिहा. सरकारी कागदातही पहिला टप्पा, दुसरा टप्पा असंच असतं. ‘दरम्यान’चा अर्थ तर उघड आहे, काँक्रीट भिजत असताना.

नंदुरबारची ताई

अवलंबित्व कशाला हवं त्यात? मी सेवेत होते तेव्हा अर्जात ‘अवलंबित व्यक्ती’ असा रकाना असायचा. त्यात मी सासू-सासऱ्यांची नावं लिहायचे. बँकेला गटातल्या सभासदांची कुटुंबं हवी असतील तर वेगळा फॉर्म असेल, चौकशी करा.

धुळेकर आप्पा (ठेकेदारी तीस वर्षं)

नंदुरबारच्या ताईंनी वेगळाच अर्थ घेतला, पण त्यांची चूक नाही. तो शब्द डोळ्यांपुढे माणूस आणतो, काम आणत नाही. साइटवर आम्ही विचारतो, ‘हे काम कशावर अडलंय?’ मथळाच ‘कशावर अडते’ ठेवा. ज्याला तक्ता वाचायचाय त्याला लगेच कळेल.

आता टप्पा. अमळनेरकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. दगड नको हे खरं, पण टप्प्याला लांबी असते. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, तो पार करावा लागतो. तसा बांधकामाचा पहिला टप्पा म्हणजे महिनाभराचं काम. ताईंना जे लिहायचंय त्याला लांबी नाही, दिवस शून्य. ते घडलं की घडलं. आम्ही त्याला ‘खूण’ म्हणतो.

ओळखायची रीत सांगतो. काम असेल तर नाव ‘-णे’वर संपतं: पत्रे टाकणे, पाया भरणे. खूण असेल तर ते झालं म्हणून लिहिता येतं: पत्रे पडले, मीटर बसलं, हप्ता मिळाला. दोन्ही एकाच ओळीत आले की समजायचं काहीतरी मिसळलंय.

आणि कोब्यासमोरचे ७ दिवस पुसा. आपल्या शब्दांच्या शेपट्या नीट बघा:

आठवडाभर म्हणजे सात दिवस काम चालणार.
आठवडाभरात म्हणजे सात दिवसांच्या आत, कदाचित पाचातही.
आठवड्याने म्हणजे सात दिवस थांबून मग.

परिच्छेदात ‘आठवड्याने कोबा सुरू करावा’ आहे. ते सात दिवस कोब्याचे नाहीत, वाट पाहण्याचे आहेत. कोब्याला किती दिवस लागतील हे लिहिणाऱ्याने लिहिलेलंच नाही. तो कप्पा रिकामा ठेवा आणि विचारा.

साक्रीवाला

आप्पा, आमच्या गावात म्हातारे ‘आठ दिसमा’ म्हणतात ते मुळात सातच असतात. ‘पंधरा दिसमा’ म्हणजे दोन आठवडे, चौदा. आज बुधवार असेल तर ‘आठ दिवसांनी ये’ म्हणजे पुढच्या बुधवारीच जायचं. मग कैच्यांचे पंधरा दिवस खरे पंधरा की चौदा?

धुळेकर आप्पा

चांगला प्रश्न. बोलीत चौदा, पण वर्कशॉपवाला पंधरा म्हणतो तेव्हा तो कामाचे दिवस मोजतोय की सुट्टी धरून, हे त्यालाच विचारावं लागतं. तक्त्याच्या वर एक ओळ लिहा, ‘दिवस सुट्टीसह मोजले आहेत’. नाहीतर बाजाराच्या दिवशी मजूर येत नाहीत आणि तक्ता हळूहळू मागे पडतो, कुठे चुकलं ते कुणाला सापडत नाही.

तापीकाठ (सिव्हिल, बरीच वर्षं साइटवर)

‘दरम्यान’ उघड नाही, अमळनेरकर. इथेच खरी मेख आहे. दरम्यान म्हणजे मधल्या काळात. पण मधला काळ कुठला? वाक्य भिजवण्याच्या नंतर आलंय म्हणून तुम्ही भिजवण्याला जोडलंत. लिहिणाऱ्याच्या मनात ‘हे सगळं चालू असताना’ असंही असू शकतं. दोन्ही अर्थांनी तारखा काढून पाहू.

खोदकाम १ ते ७ मे. काँक्रीट ८ ते १०. भिजवणं ११ ते २०. इथपर्यंत वाद नाही.

पहिला अर्थ, कैच्या सुरुवातीपासूनच: १ ते १५ मे. त्या भिजवणं संपण्याच्या आधीच तयार होतात, म्हणून उभारणी भिजवण्यावर अडते. उभारणी व पत्रे २१ ते २७ मे.

दुसरा अर्थ, काँक्रीट पडल्यावर कैच्या: ११ ते २५ मे. आता भिजवणं २० ला संपूनही उपयोग नाही, उभारणी कैच्यांवर अडते. पत्रे २६ मे ते १ जून.

एका शब्दाने पाच दिवस सरकले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठल्या कामावर लक्ष ठेवायचं तेच बदललं. पहिल्या अर्थात रोज पाणी मारणाऱ्या माणसाकडे बघा, दुसऱ्यात वर्कशॉपकडे. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो. ७ जूनपर्यंत मोजलं तर पहिल्यात ११ दिवस हाताशी उरतात, दुसऱ्यात सहाच. आणि आपल्याकडे मृगाची वाट न पाहता मेअखेरीस वादळी वारं येतं, रावेरच्या केळीवाल्यांना ते वेगळं सांगायला नको.

अजून एक. ‘दहा दिवस भिजवावे’ हा आकडाही तपासा. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान दहा. पण हवा कोरडी आणि गरम असेल तर तेच दहा आणि चौदा करावेत अशी शिफारस आहे. खानदेशातला मे म्हणजे कोरडा आणि गरमच. पोत्यावर पीपीसी, म्हणजे राखमिश्रित, लिहिलं असेल तर दहाऐवजी चौदा धरा, म्हणजे २४ मेपर्यंत. दुसऱ्या अर्थाने गेलात तर या वाढीव चार दिवसांनी शेवटची तारीख हलत नाही, कारण कैच्या २५ लाच येणार. पहिल्या अर्थाने गेलात तर उभारणी २५ ते ३१ मे होते.

फैजपूरचा वर्कशॉपवाला

मी कैच्या बनवतो, म्हणून लिहितो. आम्ही बोल्ट बसल्यावर साइटवर जाऊन दोन खांबांमधलं माप घेतो आणि मगच लोखंड कापतो. नकाशात २० फूट असतं आणि पायावर दोन इंच इकडेतिकडे झालेलं असतं. आधी बनवलेली कैची बसली नाही तर वेल्डिंग कापून परत जोडावी लागते. तेव्हा दुसराच अर्थ खरा. कैच्या काँक्रीटवर अडतातच.

तापीकाठ

भाऊ, तुमची पद्धत तशी आहे म्हणून. पत्र्याचा किंवा प्लायचा फर्मा करून, त्याच्या भोकांतून बोल्ट धरून काँक्रीट टाकलं तर माप नकाशाप्रमाणेच राहतं. मग कैच्या १ मेपासून सुरू करायला काय हरकत?

फैजपूरचा वर्कशॉपवाला

फर्मा काँक्रीट टाकताना हलतो. व्हायब्रेटर लावला की बघायलाच नको. मी दोनदा भोगलंय.

तापीकाठ

आडव्या पट्टीने सगळे फर्मे एकमेकांना बांधले तर हलत नाही. पण गवंडी कोण आहे त्यावर आहे, हे मान्य.

रावेरची लेखनिक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गटाच्या अध्यक्षांना विचारलं, कोब्याच्या आधी आठवडा का थांबायचं? मला वाटत होतं वेल्डिंगचं काही असेल. ते म्हणाले, पत्रे पडल्याचे फोटो पाहून बँक पाहणी करते आणि दुसरा हप्ता सोडते, त्याला आठवडा जातो. पैसे आल्याशिवाय कोब्याचं सिमेंट येत नाही. म्हणजे तो थांबण्याचा काळ नव्हताच, ते न लिहिलेलं एक काम होतं. तक्ता असा झाला, दुसऱ्या अर्थाने आणि चौदा दिवस भिजवणं धरून:

| क्र. | काम / खूण | दिवस | कशावर अडते | कधी |
|---|---|---|---|---|
| १ | आखणी व खोदकाम करणे | ७ | – | १–७ मे |
| २ | काँक्रीट टाकणे, बोल्ट बसवणे | ३ | १ | ८–१० मे |
| ३ | काँक्रीट भिजवणे | १४ | २ | ११–२४ मे |
| ४ | कैच्या तयार करणे | १५ | २ | ११–२५ मे |
| ५ | कैच्या उभारणे, पत्रे टाकणे | ७ | ३ आणि ४ | २६ मे–१ जून |
| ६ | खूण: पत्रे पडले | ० | ५ | १ जून |
| ७ | बँकेची पाहणी होणे | ७ | ६ | २–८ जून |
| ८ | खूण: हप्ता मिळाला | ० | ७ | ८ जून |
| ९ | कोबा करणे | ? | ८ | ९ जूनपासून |

‘मृगाआधी’ कुठे लिहू? मी ते सहाव्या ओळीत ‘कशावर अडते’मध्ये घालणार होते.

साक्रीवाला

तिथे नको. पत्रे मृगावर अडत नाहीत, मृग आला तरी पत्रे टाकता येतात, फक्त भिजत. ‘झाल्यावर’ म्हणजे अडणं, ‘आधी’ म्हणजे मुदत. आमच्याकडे ‘पाया व्हई गया का मंग कैच्या’ असं म्हणतात ते अडणं. त्या ‘का मंग’मध्ये दोन्ही ओळी बांधल्या जातात. ‘मृगना आधी’मध्ये तसं काही बांधलेलं नाही.

धुळेकर आप्पा

बरोबर. सहाव्या ओळीपुढे वेगळा रकाना करा, ‘कधीच्या आत’, त्यात ७ जून. तारीख पुढे गेली की दोन रकान्यांतला फरक लगेच दिसतो. आणि परिच्छेदातलं ‘नंतर’ एकदा परत वाचा. ‘नंतर कैच्या उभ्या करून’, हे ‘नंतर’ कैच्यांच्याच नंतर की भिजवण्याच्याही? तुम्ही ‘३ आणि ४’ लिहिलंय ते कामाच्या दृष्टीने बरोबर, पण ते परिच्छेदात नाही, तुमच्या समजुतीतलं आहे. बँकेला देण्याआधी लिहिणाऱ्याकडून हो म्हणवून घ्या.

अमळनेरकर

‘खूण’ मला अजून पटत नाही. बँकेच्या कागदात खूण म्हणजे सहीच्या ठिकाणी केलेली फुली वाटेल.

रावेरची लेखनिक

मलाही तीच शंका आहे, पण ‘टप्पा’पेक्षा बरा वाटतोय. सध्या ‘पूर्णतेची खूण’ लिहिलंय. उद्या ज्याने परिच्छेद लिहिला त्याच्याकडे जाते, ‘नंतर’ आणि कोब्याचे दिवस विचारायला. वर्कशॉपही त्याच रस्त्यावर आहे, फर्म्याचंही विचारून येते.