मदत हवी आहे: फाइलमधल्या बी-ट्रीत नोड फुटला की एखादी पावती हरवते

रापण_रत्नागिरी

बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या पावत्यांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्राम सी भाषेत लिहितोय. पावती क्रमांक दिला की मुख्य फाइलमध्ये ती नोंद कुठल्या जागी आहे ते कळावं, एवढंच इंडेक्सचं काम. तीन काट्यांवर तीन पावतीपुस्तकं चालतात, त्यामुळे क्रमांकांच्या तीन वेगवेगळ्या चढत्या मालिका आहेत. संगणक जुना, हार्डडिस्कवाला.

आधी फाइलमध्ये बायनरी ट्री ठेवली होती. तीन लाख पावत्या झाल्यावर ती फार रेंगाळायला लागली, म्हणून बी-ट्री लिहायला घेतली. पान ४०९६ बाइटचं, एका नोडमध्ये जास्तीत जास्त २५३ की. खाली उतरतानाच भरलेला नोड दिसला की फोडायचा, अशी पद्धत घेतली आहे.

अडचण अशी: १ ते १०००० ओळीने टाकले. सगळी झाडं-पानं चालून मोजलं तर १०००० भरतात. पण एकेक शोधला तर ७६ सापडत नाहीत. ३८१, ५०९, ६३७... दर १२८ ला एक. पहिले ३८० मात्र बिनचूक. कोड असा:

```c
while (i >= 0 && k < x.key[i]) i--;
i++;
read_page(x.child[i], &c);
if (c.n == MAXK)
    split_child(pno, i);
insert_nonfull(x.child[i], k, off);
```

बंदी उठून होड्या समुद्रात जायच्या आत हे सुरळीत व्हायला हवं.

कोकम_आगळ

माका वाटता, एवढो खटाटोप कित्याक? बायनरी ट्री रेंगाळली कारण क्रमांक चढते आहेत. प्रत्येक नवी की आधीच्या कीच्या उजवीकडेच लटकते आणि झाडाची साखळी होते. तुमच्याकडे तीन मालिका म्हणजे लाख-लाख नोडांच्या तीन साखळ्या. एव्हीएल लावा, झाड तोललेलं राहील, तीन लाखांना १९-२० पातळ्या. काम झालं.

पानवाचक

कोकम_आगळ, साखळीचं निदान अगदी बरोबर. त्यात अजून एक खरी गोष्ट घाला: एक बायनरी नोड २४ बाइटचा धरला तर तीन लाखांची फाइल साधारण ७ एमबी. ती दिवसभर मेमरीतच पडून राहते. दुपारी एव्हीएल आणि बी-ट्री यांतला फरक कुणाला जाणवणारही नाही.

फरक पडतो तो सकाळी संगणक नुकताच चालू झाला की. डिस्ककडे २४ बाइट मागितले तरी ऑपरेटिंग सिस्टीम निदान एक अख्खं पान वाचते. त्यातले २४ बाइट बघून आपण पुढचा नोड मागतो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच पानावर असतो. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवर नुसती अर्ध्या फेरीची वाट ४.२ मिलिसेकंद, वर डोकं हलण्याचा वेळ. मिळून एका वाचनाला १२ धरा. वीस पातळ्या म्हणजे पाव सेकंद, एका शोधाला. बी-ट्रीत तेच पान वाचलं की २५३ की एकदम हातात येतात, मेमरीत बायनरी सर्चने त्यांतून वाट निवडायची आणि पुढचं पान मागायचं. नोड निम्मेच भरलेले असले तरी तीन लाख की तीन पातळ्यांत बसतात. रूट मेमरीत धरून ठेवलात तर दोन वाचनं. पातळ्या कमी करणं एव्हीएललाही जमतं. पण एका वाचनात जे पान येतं ते सगळं कामी लावणं त्याला जमत नाही.

आता मूळ प्रश्न. दर १२८ ला एक ही खूण फार बोलकी आहे. तुमचा २५३ चा नोड फुटला की डावीकडे १२६ राहतात, एक मधली की वर जाते, उजवीकडे १२६. उजवा पुन्हा भरायला १२७ लागतात, त्यानंतर येणारी १२८ वी हरवते. म्हणजे फुटण्याच्या वेळी जी की टाकताय तीच चुकीच्या घरात जातेय.

MAXK ५ करा आणि कागदावर चालवून बघा. १२, २५, ३१, ४४, ५८ टाकले, रूट भरला. ४७ आला. रूट फुटतो, ३१ वर जातो, डावीकडे १२ २५, उजवीकडे ४४ ५८, आणि ४७ उजवीकडे बसतो. इथे सगळं ठीक, कारण रूट फुटल्यावर तुम्ही नव्या रूटपासून पुन्हा उतरत असणार. पहिले ३८० वाचले ते त्यामुळेच. आता ६३ आणि ७० टाका. उजवा नोड ४४ ४७ ५८ ६३ ७०, भरला. आता ६६. उजवा फुटतो, ५८ वर जातो, रूट होतो ३१ ५८. डावा तुकडा ४४ ४७, उजवा ६३ ७०. ६६ हा ५८ पेक्षा मोठा, तेव्हा तो ६३ च्या घरात जायला हवा. तुमचा i मात्र जुनाच, म्हणून तो जातो ४४ ४७ च्या शेजारी. मोजणीत तो सापडतो, कारण मोजणी प्रत्येक पान बघते. शोध मात्र ५८ च्या उजवीकडे वळतो आणि हात हलवत परत येतो.

खाडीकाठ

मग सोपं आहे की. split_child च्या खाली एक ओळ घाला:

```c
if (k > x.key[i]) i++;
```

सगळ्या पुस्तकांत हीच ओळ असते.

रापण_रत्नागिरी

पानवाचक, कागदावर तंतोतंत तसंच आलं, ६६ हरवला. खाडीकाठ यांची ओळ घातली. आता ६६ टाकताना प्रोग्रामच कोसळतो. २५३ ठेवलं तर ३८१ वर कोसळतो.

पानवाचक

ओळ बरोबर, पण पुस्तकातला x मेमरीतला असतो. तुमचा x ही पानाची प्रत आहे. split_child ने डिस्कवरचं pno पान बदललं, तिथे आता ३१ ५८ आहे. तुमच्या हातातल्या x मध्ये अजून एकटा ३१. x.key[1] ची जागा रिकामी, तिथे शून्य. ६६ शून्यापेक्षा मोठा, म्हणून i झाला २, आणि x.child[2] सुद्धा शून्य. पान ० वर तुमचा फाइल हेडर असेल ना? तो नोड समजून वाचला की n मध्ये भलताच आकडा येतो आणि पुढचं सगळं ढासळतं.

आणि हे कोसळलं ते बरंच झालं म्हणायचं. तुमच्या तीन मालिकांतल्या पहिल्या दोन झाडाच्या मधोमध वाढतात. तिथे जुन्या x.key[i] मध्ये पुढची खरी की असते, k तिच्यापेक्षा लहान ठरतो, i वाढत नाही आणि पावती पूर्वीसारखीच गुपचूप हरवते. पान पुन्हा वाचा, मग तुलना करा:

```c
if (c.n == MAXK) {
    split_child(pno, i);
    read_page(pno, &x);
    if (k > x.key[i]) i++;
}
insert_nonfull(x.child[i], k, off);
```

तपासणी मोजणीवर ठेवू नका. झाड क्रमाने चाला आणि प्रत्येक की आधीच्या कीपेक्षा मोठी आहे का ते बघा. चुकीच्या झाडात ४७ नंतर ६६ आणि मग ५८ आला असता, लगेच दिसलं असतं. MAXK ५ ठेवूनच चाचणी घ्या, चढत्या, उतरत्या आणि तीन मालिका मिसळलेल्या क्रमाने. २५३ वर नोड इतक्या क्वचित फुटतो की चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

हापूस_पेटी

माझंही असंच काहीसं आहे. देवगडहून पेट्या पाठवतो, प्रत्येक पेटीला यादृच्छिक यूयूआयडी, मायएसक्यूएलमध्ये तीच प्रायमरी की. नोंदी वाढल्या तशी नोंदणी मंदावली. बी-ट्री म्हणजे बायनरीच ना? मग मीही पान वाढवू का?

पानवाचक

बी म्हणजे बायनरी नव्हे. १९७० च्या सुमारास बायर आणि मॅकक्रेट यांनी बोइंगमध्ये असताना ही रचना मांडली, आणि बी कशाचा ते त्यांनी सांगितलेलं नाही. तुमचं दुखणं वेगळं. यूयूआयडी कुठल्याही पानावर जाऊन पडतो, त्यामुळे टेबल मेमरीपेक्षा मोठं झालं की जवळजवळ प्रत्येक पेटीला नवं पान डिस्कवरून आणावं लागतं. चढता क्रमांक प्रायमरी की करा, यूयूआयडी वेगळ्या इंडेक्समध्ये ठेवा. त्या दुसऱ्या इंडेक्सला मात्र तोच त्रास राहणार. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा.

सुरंगी

रापणदादा, एक विचारते. नोड फुटताना वीज गेली तर? पावसात तुमच्याकडे दिवसातून चारदा जाते. एका फुटण्यात तीन पानं लिहिली जातात: डावा, नवा उजवा आणि पालक. डावा आधी छाटून लिहिलात आणि तेवढ्यात अंधार झाला, तर १२७ पावत्या इंडेक्समधून गेल्या.

क्रम असा ठेवा. आधी नवा उजवा नोड लिहा आणि `fsync`. इथे वीज गेली तर एक पान वाया जातं, बाकी काही नाही. मग पालक, पुन्हा `fsync`. आता शोध बरोबर उजव्या घरी जातो, डाव्यात जुन्या की उरलेल्या असल्या तरी शोधात कुणी तिकडे फिरकत नाही. डावा सगळ्यात शेवटी छाटा. शेवटच्या दोन पायऱ्यांमध्ये वीज गेली तर क्रमाने चालताना काही की दोनदा दिसतील, हरवणार एकही नाही. रूट फुटताना पान ० वरचा रूट क्रमांकही बदलतो, तो नवा रूट लिहून झाल्यावरच बदला.

खाडीकाठ

आणि पालकाचंच पान अर्धं लिहून वीज गेली तर? जुन्या डिस्कचे सेक्टर ५१२ बाइटचे, ४०९६ चं पान आठ तुकड्यांत जातं.

सुरंगी

हो, त्याला हा क्रम पुरत नाही. एसक्यूलाइट जसं जर्नल ठेवतं, पान बदलण्याआधी त्याची जुनी प्रत वेगळ्या फाइलमध्ये, तसं काही लागेल. किंवा निदान प्रत्येक पानात चेकसम, म्हणजे फाटलेलं पान ओळखू येईल आणि मुख्य फाइलवरून इंडेक्स नव्याने बांधता येईल. तीन लाखांना मला दुसरा मार्ग पुरेसा वाटतो.

पानवाचक

मला नाही वाटत. सकाळी लिलाव उभा असताना इंडेक्स बांधत बसणं कुणाला परवडेल? मी जर्नलच्या बाजूचा.

रापण_रत्नागिरी

पान पुन्हा वाचायची ओळ घातली, तिन्ही क्रमांनी चाचणी घेतली, एकही हरवत नाही. लिहिण्याचा क्रम सुरंगीताईंनी सांगितला तसा बदलतोय, चेकसम आज घालतो, जर्नलचं ठरलेलं नाही.

एक नवीन दिसलं. १०००० टाकल्यावर जवळजवळ सगळी पानं निम्मीच भरलेली आहेत, १२६ वर अडकलेली.

पानवाचक

चढत्या क्रमाने टाकलं की तसंच होतं. डाव्या अर्ध्यात पुन्हा कुणी येतच नाही. पोस्टग्रेस सगळ्यात उजवं पान फोडताना मधोमध फोडत नाही, डावीकडे सुमारे ९० टक्के ठेवतं. पण तुमच्या तीन मालिकांपैकी एकच सगळ्यात उजवीकडे वाढते. बाकी दोघींना ही युक्ती लागू पडणार नाही.

कोकम_आगळ

पुस्तकागणिक वेगळी इंडेक्स फाइल ठेवली तर? तिन्ही मालिका आपापल्या झाडात उजवीकडेच वाढतील.

रापण_रत्नागिरी

हे करून बघतो. पण जुन्या पावत्यांत एका काट्याचं पुस्तक दुसऱ्या काट्यावर वापरलेलं आहे, तिथे कुठल्या फाइलमध्ये शोधायचं ते आधी क्रमांकावरूनच ठरवावं लागेल.