नळाला गढूळ पाणी: सोसायटी ग्रुप

कुलकर्णी काकू (बी-३०४): सकाळपासून चहाच्या रंगाचं पाणी येतंय, वर मातीचा वास. टाकी धुतली म्हणून मे महिन्यात पैसे घेतले होते ना?

सेक्रेटरी: काकू, टाकी धुतलीच आहे. पहिल्या पावसात खडकवासल्यात डोंगरावरची माती वाहून येते. दरवर्षीचं आहे हे.

शिंदे (सी-१०२): धरणाचं खरं आहे, पण अर्धंच. चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. शुद्धीकरण केंद्रात तुरटी घातली की त्यांचे गोळे होऊन ते खाली बसतात. लोंढा अचानक आला तर तुरटीचं प्रमाण वाढवेपर्यंत थोडं गढूळ पाणी पुढे येतं. त्याने पाणी धुरकट दिसेल, एवढं तपकिरी सहसा होत नाही.

कुलकर्णी काकू: टाकी धुतल्याचे पैसे घेतले होते.

डी-२०१: उकळून प्या ना सगळ्यांनी.

शिंदे: उकळून जंतू मरतात, माती तशीच राहते. आधी निवळू द्या, वरचं पाणी गाळून घ्या, मग उकळा. सेक्रेटरीसाहेब, संध्याकाळी पाणी आलं की वॉचमनला चार बाटल्या भरायला सांगा. पालिकेची लाइन टाकीत पडते तिथे पाणी येताक्षणी एक आणि दहा मिनिटांनी दुसरी, मग खालच्या टाकीतली, शेवटी गच्चीवरची. पाणी बंद असताना रिकाम्या पाइपात गळक्या जोडांमधून चिखल ओढला जातो, म्हणून लाइनच्या दोन बाटल्या.

सेक्रेटरी (रात्री ८.१०): लाइनची पहिली बाटली गढूळ, दुसरी जवळपास स्वच्छ. खालच्या टाकीची आणि गच्चीची, दोन्ही तपकिरी.

शिंदे: म्हणजे माती आपल्याच खालच्या टाकीत शिरतेय. झाकण बघा.

सेक्रेटरी: झाकण जमिनीच्या पातळीत आहे आणि एका कोपऱ्याला फुटलंय. पार्किंगचं पाणी थेट आत.

कुलकर्णी काकू: त्या झाकणावर डी विंगची गाडी लागते. तीन वेळा ग्रुपवर लिहिलंय मी.

डी-२०१: काकू, दुसरी जागा द्या, लगेच काढतो. आमच्याच विंगला का बोलता दर वेळी?

जाधव वहिनी (ए-४०१): पार्किंगचं भांडण मीटिंगमध्ये करा. बाळाला काय पाजायचं ते सांगा.

शिंदे: वहिनी, आज जारचं पाणी आणून उकळून घ्या. पार्किंगचं पाणी आत गेलंय, म्हणजे नुसती माती नाही. पंप आत्ता बंद करा. दोन्ही टाक्या रिकाम्या करून घासा. लाइनचं पहिलं पाणी सोडून द्या, मग भरा. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरची निवळीच टाकीत ओता आणि तासभर थांबा. गढूळ पाण्यात पावडर घालू नका, माती क्लोरीन खाऊन टाकते.

कुलकर्णी काकू: आणि धुतल्याचे पैसे?

सेक्रेटरी: उद्या हिशेब टाकतो काकू. प्लंबर सकाळी ७ला येतोय.

शिंदे: त्याला सांगा, तोंडाभोवती अर्धा फूट कठडा बांधायचा आणि कडेवरून खाली उतरणारं झाकण बसवायचं. ओव्हरफ्लोचा पाइप गटारात बुडलेला असेल तर तोही वर घ्या, तिथूनही पाणी उलटं येतं.

डी-२०१: गाडी काढलीय.