मित्राच्या खोडीला तुम्ही काय नाव पाडलं?

धागाकर्ता (हिंगणघाटकडचा):
आमच्या गावच्या पानठेल्यावर शिव्या कमी आणि नवे शब्द जास्त तयार होतात. दोन शब्द एकमेकांत घुसवून केलेले, नाहीतर एकाच अक्षराची माळ लावलेले. मित्राच्या खोडीवर तुम्ही असा एखादा शब्द काढला असेल तर तो इथं सांगा, आणि कसा सुचला तेही सांगा. नुसती नावांची यादी नको.

सुरुवात मीच करतो. आमच्यातला एक जण फोनवर कायम ‘निघालो’ म्हणतो. आधी त्याला लेटलतीफ म्हणायचो, पण तो शब्द घासून इतका गुळगुळीत झालाय की त्याला लागायचाच नाही. मग उशीरकुमार आला, दोन दिवसांत विरला. एकदा छोटा हत्ती कापसानं भरून उभा होता, जिनिंगवर लवकर नंबर लावायचा होता. पहाटे फोन केला तर तिकडून आवाज, “निघालो बे, फाट्यावर आलोच!” आणि मागं बादलीत नळाची धार स्वच्छ ऐकू येत होती. आमच्यातला सगळ्यात कमी बोलणारा पोट्टा शांतपणे म्हणाला, “हा निघाला नाही, न्हिघाला.”

न्हातोय आणि निघालो, दोन्ही एकाच शब्दात. समजावून सांगायची गरजच पडली नाही. हा शब्द टिकला तो क्रियापद आहे म्हणून. न्हिघतो, न्हिघाली, न्हिघालेत, ‘न्हिघू नको, सरळ ये’ अशी सगळी रूपं आपोआप पडली. आता नवरदेवाची वरात उशिरा आली तरी मंडपातले लोक म्हणतात, वरात न्हिघाली वाटते.

वणीवाला:
माह्या दोस्ताले गाडी मांगायची सवय. टाकी फुल देली तरी परत येते तवा काटा खाली टेकलेला. त्याचं नाव आमी ‘पेट्रोडगा’ ठेवलं. पेट्रोल अन् रोडगा. रोडगे-वांग्याच्या पंगतीत तो जसा मांडी ठोकून बसते, तसाच माह्या टाकीवर बसते. पेट्रोल आता शंभराच्या वर हाय बाप्पा, पण त्याले फरक पडत नाही. गेल्या पोळ्याले तोरणाखाली बैलं उभी होती, झडत्या सुरू होत्या, तवा म्याबी एक सोडली:

गाडी माही, टाकी माही, पेट्रोल पेते कोन?
पेट्रोडगा पसरून बसला, कानाले लावून फोन!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

अख्खा गाव हसला. तो बी हसला. पेट्रोल मात्र अजून भरत नाही.

निवृत्त मास्तर, दर्यापूर:
वरचे दोन्ही शब्द जमले, कारण सांधा बरोबर जागी पडला आहे. ‘पेट्रोल’मध्ये ‘रो’ आहे आणि ‘रोडगा’ ‘रो’नंच सुरू होतो. कान पहिल्या शब्दावरून दुसऱ्यावर घसरतो, त्याला ठेच लागत नाही. शेपूट मात्र दुसऱ्या शब्दाची शाबूत राहिली पाहिजे, कारण ऐकणारा अर्थ तिथूनच पकडतो. आमच्या शाळेत एक सहकारी एसटीत बसले की फोन स्पीकरवर लावून जोरजोरात बोलायचे. पोरांनी त्यांना ‘स्पीकरकर’ केलं. स्पीकर आणि करकर, मधला ‘कर’ दोघांचा सामाईक. मी पोरांना रागावलो, पण स्टाफरूममध्ये जाऊन हसलो.

पुसदचा गजाभाऊ:
मास्तर, ह्यात नवीन काय हाय? बोलघेवडा, लाळघोट्या हे आपले जुनेच शब्द हायत. दोन शब्द जोडले की झालं.

निवृत्त मास्तर, दर्यापूर:
जोडणं खरं, गजाभाऊ, पण तो समास. त्यात ‘लाळ’ही उभी राहते आणि घोटणाराही, कोणी कोणात वितळत नाही. इथं दोघांचंही थोडं थोडं कापून एक केलं आहे. बाकी दोस्ताला नावं पाडायची आपल्या भाषेची सवय जुनीच आहे, हे तुमचं म्हणणं अगदी मान्य.

आर्वीची ताई:
आमच्या महिला बचत गटात एक मैत्रीण रोज पहाटे फुलं, सूर्य, चहाचा कप असं काहीबाही पाठवते, ते पण पाच-पाच. तिच्यासाठी मी ‘सुप्रभैताड’ काढलं. विदर्भाबाहेरच्या माझ्या वहिनीला कळेना. तिच्या गावी वेडगळाला भैताड कोणी म्हणतच नाही. म्हणजे शब्द कितीही चांगला असला तरी त्याचे दोन्ही तुकडे ऐकणाऱ्याच्या घरचे पाहिजेत. दुसरी एक आहे, ताट वाढलं की आधी फोटो, मग घास. तिचा तो त्रास म्हणजे ‘फोटोचणी’. तोवर माझी भाकर गार.

सिंदेवाहीचा:
माझा मित्र माझे पैसे परत देत नाही, दोन वर्षं झाली. ही सवय कशी सोडवावी?

वणीवाला:
भाऊ, इथं नाव पाडणं सुरू हाय, वसुली नाही. पण लिहून घेतलं होतं काय?

ठेल्यावरचा:
फसलेलं पण सांगतो. आमच्यात एक जण स्वतः खर्रा कधीच घेत नाही, दुसऱ्यानं पन्नीत घोटला की हात पुढं. आधी कोणीतरी खर्रा आणि फुकट असं जोडून ‘खर्रकट’ केलं. म्हणायला सोपं, पण ऐकणाऱ्याला ‘खरकटं’ ऐकू यायचं. बैठकीत पाहुणे होते, त्यांना वाटलं की याला उष्टं खाणारा म्हणतायत. तो उठून गेला, आठ दिवस ठेल्यावर आला नाही. मग तुकडे उलटे लावले, ‘फुकर्रा’. फुकटचा ‘क’ आणि खर्ऱ्याचा ‘ख’ जवळजवळचे, सांधा बसला, आणि कोणत्या जुन्या शब्दावर तो पडतही नाही. आता तो स्वतःच म्हणतो, “फुकर्रा आला, काढा!” म्हणून नवा शब्द आधी दोन-तीनदा मोठ्यानं, भरभर म्हणून पाहायचा.

आर्वीची ताई:
आणि ठेल्यावर सवयीला नाव ठेवायचं, शरीराला, बोलण्यातल्या अडखळण्याला, जातीला नाही. आमच्या गावात अडखळणाऱ्या पोराचं नाव असंच पडलं. पोरगा बारावी झाला, नोकरीला लागला, नाव तसंच आहे.

पुसदचा गजाभाऊ:
ते खरं हाय ताई. पण सवय आन् माणूस यायची सीमा कुठं, हे सांगणं अवघड. आमच्या एका दोस्ताले, तो पावसाचं भविष्य सांगते म्हनून, ‘ढगढेकर्‍या ढोलाजी’ म्हंतो. त्याले लय आवडते. त्याच्या बायकोले अजिबात नाही आवडत. कोनाचं धराचं?

निवृत्त मास्तर, दर्यापूर:
बायकोचं धरा. पण शब्द उत्तम आहे. ‘ढ’ सारखा आडदांड आवाज दोनदा आला की मजा येते. तिसऱ्यांदा आला की ढोल वाजतो. बहुतेक लोक पाच-सहा वेळा आणतात, मग ऐकणारा अर्थ सोडून अक्षरं मोजत बसतो.

अकोटची काकू:
माझ्या घरी एक जण आली की आधी गॅसवरच्या सगळ्या भांड्यांची झाकणं उचलून पाहते, मग विचारते, काय केलं? तिला काय म्हणू?

वणीवाला:
झाकणंद! झाकण अन् नणंद, काकू. सांधा ‘ण’वर बसते, मास्तरायले विचारा.

निवृत्त मास्तर, दर्यापूर:
बसतो. पैकीच्या पैकी.

अकोटची काकू:
लय छान आहे रे पोरा, पण ती नणंद नाही, जाऊ आहे. दुसरं सुचवा. अन् लवकर सुचवा, ती उद्या दुपारी येऊन राहिली.