मदत हवी आहे: माणसांचं गुणोत्तर कधी उलटं करायचं?

12 माणसं रोज 8 तास काम करून 10 दिवसांत 160 मीटर भिंत बांधतात. मग 15 माणसं रोज 6 तास काम करून 240 मीटर भिंत किती दिवसांत बांधतील?

मी आधी सगळीच गुणोत्तरं उलटी केली आणि 7 पूर्णांक 1/9 दिवस आले. भिंत दीडपट लांब आणि दिवस कमी, म्हणजे चूक तिथेच दिसली! भिंत समचलनात घेतल्यावर जमलं:

10 × 12/15 × 8/6 × 240/160 = 16

पडताळ्यासाठी उलट विचारलं, 16 दिवसांत भिंत किती?

160 × 15/12 × 6/8 × 16/10 = 240

इथे माणसं 12/15 ऐवजी 15/12 झाली. म्हणजे सम की व्यस्त हे त्या राशीवर नसून, काय शोधायचंय त्यावर ठरतं का? आणि प्रत्येक राशीची तुलना फक्त अज्ञाताशीच करायची, माणसं-तास अशी आपसांत नाही, बरोबर ना?